जर्मनीत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी पाकिटं कशी वाचायची?

*प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मे महिन्यात तीन आठवडे जर्मनीला नणंदेकडे जातोय. पाकिटावरचं जर्मन आम्हाला कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर केलं तर पुरेल का?*

फक्त कॅमेऱ्यावर विसंबू नका. पाच-सहा जर्मन शब्द डोळ्यांना ओळखीचे करून घ्या आणि कॅमेरा त्यांच्या मदतीला ठेवा. माझ्या मुलालाही हीच ॲलर्जी आहे. कोल्हापुरात भाजीच्या कुटापासून भडंगापर्यंत शेंगदाणा चुकवत त्याला वाढवलंय. २०२३च्या जूनमध्ये ड्युसेलडॉर्फला फौंड्रीचं मोठं प्रदर्शन होतं. ह्यांचं काम शिरोली एमआयडीसीत, त्यामुळे ते प्रदर्शनाला निघाले आणि आम्ही दोघं बरोबर गेलो. दिवसभर ते हॉलमध्ये असायचे आणि मी मुलाला घेऊन दुकानांत पाकिटं वाचत असायचे.

पहिले दोन दिवस मी चुकीच्या जागी बघत होते. आपल्याकडे पाकीट हातात घेतलं की नजर सरळ घटकांच्या यादीखाली जाते, कारण तिथे ‘यात अमुक आहे’ अशी ॲलर्जीची वेगळी ओळ असते. मी तिथेही तीच ओळ शोधायची आणि तिच्यात शेंगदाणा दिसला नाही की पाकीट टोपलीत टाकायची. पण युरोपीय संघाच्या नियमात, म्हणजे डिसेंबर २०१४ पासून लागू असलेल्या नियमात, तशी वेगळी ओळ नसते. ॲलर्जीचे १४ पदार्थ ठरवून दिलेत आणि त्यातला जो असेल तो घटकांच्या यादीतच उठून दिसेल असा छापायचा, एवढंच बंधन आहे. बहुतेक कंपन्या ठळक अक्षरं वापरतात, काही सगळी मोठी अक्षरं, तर काही खाली रंगाची पट्टी देतात. यादीखाली जी ओळ दिसते ती बहुधा वेगळ्याच गोष्टीबद्दल असते: कारखान्यात चुकून मिसळलं जाऊ शकतं असा अंश. म्हणजे मी अंशाची ओळ वाचत होते आणि खुद्द घटक वाचायचेच राहत होते.

म्हणून आधी यादीची सुरुवात शोधा. तिथे ‘त्सुटाटन’ असं लिहिलेलं असतं, झेड-यू-टी-ए-टी-ई-एन. पुष्कळ पाकिटांवर चार-पाच भाषांचे परिच्छेद एकाखाली एक असतात आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला देशाची किंवा भाषेची दोन अक्षरं. जर्मनसाठी डी-ई. त्यातच जी-बी किंवा ई-एन दिसलं तर इंग्रजी आयतीच मिळाली, हे विसरू नका. मी एकदा दहा मिनिटं जर्मनशी झगडले आणि इंग्रजी मजकूर पाकिटाच्या घडीखाली होता.

आता मुख्य शब्द. शेंगदाणा म्हणजे ‘एर्डनुस’, ई-आर-डी-एन-यू-एस-एस. यातला ‘एर्ड’ म्हणजे भुई. आपला भुईमूग, त्यांचा भुईनट. हे कळल्यावर माझ्या मुलाला तो शब्द एका दिवसात पाठ झाला. पण नुसतं ‘एर्ड’ दिसलं म्हणून घाबरू नका, स्ट्रॉबेरीलाही ते ‘एर्डबेरं’ म्हणतात. नजर ई-आर-डी-एन या पहिल्या चार अक्षरांवर ठेवा. अनेकवचनात मधल्या यू-वर दोन टिंबं येतात आणि शेवटाला ई लागतो, पण ही चार अक्षरं बदलत नाहीत. जर्मन लोक शब्द जोडून लांबलचक करतात, म्हणून शेंगतेल, शेंगदाण्याचा लगदा, शेंगदाण्याचं लोणी हे सगळे शब्द याच चार अक्षरांनी सुरू होतात. कधी अख्ख्या शब्दातला ॲलर्जीचा तेवढा तुकडाच ठळक असतो. दूध पावडरीच्या शब्दात फक्त ‘मिल्श’ जाड आणि बाकीचा शब्द बारीक, असं खूपदा दिसेल.

कॅमेरा नेमका इथे फसतो. ओळीच्या शेवटी जागा संपली की शब्द तुटतो. वर ‘एर्ड’ राहतं, पुढे बारीक रेघ, आणि ‘नुस’ खालच्या ओळीत जातं. माझ्या फोनने एकदा याचं भाषांतर ‘पृथ्वी’ असं दाखवलं. वरून पाकीट चकचकीत, गोलाकार, आणि अक्षरं इवलीशी. नियमात लहान अक्षराची उंची १.२ मिलिमीटर पुरते, आणि छोट्या पाकिटावर तर ०.९. म्हणून चालत्या कॅमेऱ्यावर भाषांतर बघण्यापेक्षा पाकीट सपाट धरून साधा फोटो काढा, तो मोठा करा आणि आधी आपल्या डोळ्यांनी चार अक्षरं शोधा; ओळीच्या शेवटी ‘एर्ड’ आणि रेघ दिसली तर खालची ओळही बघा. भाषांतर त्यानंतर.

दुसरा शब्द ‘श्पुरन’, एस-पी-यू-आर-ई-एन, म्हणजे अंश. ‘यात अमक्याचे अंश असू शकतात’ या वाक्यात तो येतो. या ओळीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या: ती छापायची सक्ती नाही. कंपनी स्वतःहून देते. म्हणून ती दिसली तर पाकीट परत ठेवायचं हे सोपं आहे, पण ती नाही म्हणजे कारखान्यात शेंगदाणा नाही, असा अर्थ निघत नाही. तुमच्या मुलीला किती कमी शेंगदाण्याने त्रास होतो त्यावर तुमची शिस्त ठरेल, आणि ते डॉक्टरच सांगू शकतील. आम्ही चॉकलेट, बिस्किटं, म्यूस्लीच्या वड्या आणि आइस्क्रीम या चार गोष्टींत ओळ नसली तरी घेतलं नाही, कारण हेच पदार्थ शेंगदाण्याच्या मालाबरोबर एकाच यंत्रावर बनण्याची शक्यता जास्त. साधं दही, फळं, बटाटे, तांदूळ यांवर दिवस निघाले.

याच ओळीत ‘शालनफ्रुश्टं’ असा एक लांब शब्द भेटेल. तो बदाम, काजू, अक्रोड, हेझलनट या झाडावरच्या कवचाच्या फळांसाठी आहे. फोन त्याचं ‘नट्स’ करून मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं शेंगदाणाही यातच आला. नियमात शेंगदाणा स्वतंत्र आहे. त्यामुळे फक्त शालनफ्रुश्टं लिहिलेलं असेल तर शेंगदाण्याबद्दल त्या ओळीने काहीच सांगितलेलं नाही.

आता ज्याने मला खरी झोप लागली नाही ते सांगते. तिसऱ्या दिवशी मी भरपूर बियांचा, जाडसर पिठाचा कापलेला ब्रेड घेतला. यादीत गव्हाचं पीठ, पाणी, सोयाचे कण असं वाचत गेले. ई-आर-डी-एन कुठेच नव्हतं, अंशाची ओळही नव्हती. फक्त एक ठळक शब्द अनोळखी होता, एल-यू-पी-आय-एन या अक्षरांनी सुरू होणारा. फोनने ‘ल्युपिन पीठ’ असं सांगितलं, म्हणजे काहीच सांगितलं नाही. ठळक आहे म्हणजे १४ पैकी आहे, पण मला ते माहीत नाही, एवढ्यावरच मी थांबले आणि ब्रेड न उघडता कपाटात ठेवला. संध्याकाळी ह्यांच्या ओळखीतले एक गडहिंग्लजचे गृहस्थ भेटले, बरीच वर्षं तिथे राहिलेले. त्यांनी सांगितलं की ल्युपिन ही शेंगवर्गातली वनस्पती, तिच्या बियांचं पीठ प्रथिनं वाढवायला ब्रेडमध्ये घालतात. मी लगेच इथल्या आमच्या डॉक्टरांना संदेश पाठवला. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्यांपैकी काहींना ल्युपिननेही तसाच त्रास होतो, मुलाची त्यासाठी तपासणी झालेली नाही, तेव्हा देऊ नका. युरोपने २००६ मध्ये ल्युपिन यादीत घातलं ते याच कारणाने. आपल्या भारतातल्या सक्तीच्या यादीत ते नाही, आपल्या जेवणातही नाही, म्हणून इथे कुणी आपल्याला त्याबद्दल बोलत नाही. तुम्ही निघण्यापूर्वी डॉक्टरांना हा एक प्रश्न नक्की विचारा. बिनग्लुटेनच्या आणि ‘जास्त प्रथिनं’ लिहिलेल्या पावांवर, पास्त्यावर हा शब्द आवर्जून शोधा.

पाकीट न वाचताच ओठापर्यंत आलेली वस्तूही एक होती. तिथे ‘फ्लिप्स’ नावाचा खाऊ घरोघरी असतो. दिसायला आपल्या मक्याच्या फुगीर, कुरकुरीत पफसारखा, पिवळसर आणि वाकडा. प्रत्यक्षात तो शेंगदाण्याचा असतो, मक्याबरोबर दळलेला शेंगदाणा त्यात भरपूर. एका घरी तो वाडग्यात ओतून ठेवला होता. मुलाने एक उचलला, नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. वास ओळखीचा होता म्हणून वाचलो. नणंदेच्या घरी वाडगा भरला असेल तर मुलीच्या हाती काही जाण्याआधी मूळ पाकीट मागून घ्या. मोठ्या पुड्यात छोटी छोटी पाकिटं असतील तर यादी बहुधा बाहेरच्या पुड्यावर असते. आतलं सुटं पाकीट शेजारच्या मुलाने दिलं तर त्यावर वाचायला काहीच नसतं.

बेकरीतल्या सुट्या पावावर छापील यादी नसते, पण ॲलर्जीची माहिती देणं दुकानाला बंधनकारक आहे. तोंडी सांगितलं तरी लेखी नोंद मागितल्यावर दाखवावी लागते, आणि ती बहुधा काउंटरमागे फाइलमध्ये असते. ‘एन्टहेल्ट दास एर्डन्युसं?’ म्हणजे ‘यात शेंगदाणे आहेत का?’ हे वाक्य नणंदेकडून कागदावर जर्मनमध्ये लिहून घ्या आणि कागद पुढे करा. हॉटेलच्या मेनूवर पदार्थांपुढे बारीक अक्षरं किंवा आकडे असतात, पण त्यांचे अर्थ हॉटेलगणिक बदलतात. काल एका ठिकाणी शेंगदाण्याला जे अक्षर होतं तेच आज दुसरीकडे अंड्याला असू शकतं. प्रत्येक ठिकाणी तळाचा खुलासा नव्याने वाचा.

डॉक्टरांनी ॲड्रेनालिन दिलं असेल तर ते चिठ्ठीसह हाताच्या पिशवीतच असू दे, सामानात टाकू नका. तिथला आणीबाणीचा नंबर ११२.

नणंदेला आत्ताच फोन करून तिच्या घरातल्या ब्रेडचा, म्यूस्लीचा आणि मुलं खातात त्या खाऊच्या पाकिटांमागचा फोटो मागवा. घरी बसून, चहा घेत, त्यात ई-आर-डी-एन आणि एल-यू-पी-आय-एन शोधा. माझं हेच राहिलं होतं, आणि ते मला दुकानात उभ्याने, मुलगा हात ओढत असताना शिकावं लागलं.