नाते संपल्यावर सर्वांत आधी तपासणीची साखळी बदलून घ्या

प्रश्न : मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघे एकाच टीममध्ये आहोत. दोन वर्षांचे नाते आम्ही परस्पर संमतीने संपवले, भांडण नाही. तो माझ्यापेक्षा वरिष्ठ आहे आणि माझे काम तोच तपासतो. आई-वडील नागपुरातच असल्याने नोकरी सोडायची नाही. एचआरला सांगावे का? मार्चमध्ये अप्रेझल आहे.

उत्तर : तुमच्या प्रश्नातले ‘माझे काम तोच तपासतो’ हे वाक्य वाचून मी थांबले, कारण माझ्या बाबतीतही सगळा त्रास तिथूनच सुरू झाला होता. जेवायला वेगळ्या टेबलावर बसावे, कार्यालयात जुने विषय काढू नयेत, हे तुम्ही करतच असाल. त्यावर मी लिहीत नाही. मी वकील नाही आणि प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असते, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

सांगावे का, याचे माझे उत्तर ‘हो’ असे आहे, पण केवळ एका कारणासाठी. नाते संपले ही बातमी कोणालाही कळवण्याची गरज नाही. मात्र ज्याच्याशी व्यक्तिगत संबंध होते तोच तुमच्या कामावर शेरा मारतो आणि त्या शेऱ्यांवरून तुमची पगारवाढ ठरते, हा हितसंबंधांचा प्रश्न आहे आणि तो कंपनीच्या अखत्यारीत येतो. म्हणून मागणी एवढीच असावी, की तपासणारी व्यक्ती बदलावी.

आम्ही दोघांनी मिळून हीच विनंती आमच्या तेव्हाच्या कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाकडे केली होती. ‘लेखी कशाला देता, उगाच नोंद राहील, आम्ही बघतो,’ असे आम्हाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्या विभागाने तपासणारा बदलला नाहीच, उलट आमच्या व्यवस्थापकांच्या कानावर सगळी हकीकत घातली. व्यवस्थापकांनी आपल्या समजुतीने ‘दोघांना समोरासमोर आणायचे नाही’ असे ठरवले आणि क्लायंटबरोबरच्या बैठकांमधून मला वगळले, कारण दोघांमध्ये कनिष्ठ मी होते. वर्षअखेरीस माझ्या मूल्यमापनात ‘टीमशी समन्वय कमी, क्लायंटसमोर वावर मर्यादित’ असा शेरा आला आणि त्या वर्षीची बढती गेली. मी दाद मागितली तेव्हा त्याच विभागाने अशी काही विनंती आपल्याकडे आल्याची नोंद नाही, असे उत्तर दिले. नाते तुटल्याचे दुःख ओसरले. त्या उत्तराचा संताप मात्र आजही तितकाच आहे. ज्या कार्यालयाचे कामच नोंद ठेवणे हे आहे, त्याने नोंद होऊ नये म्हणून कर्मचाऱ्याला समजावावे आणि पुढे तीच उणीव त्याच्याविरुद्ध वापरावी, हे मला अक्षम्य वाटते.

म्हणून तुम्ही ईमेलच पाठवा. त्यात कारणमीमांसा, भावना किंवा दोषारोप काहीही नको. मजकूर साधारण असा असावा : ‘माझे व अमुक यांचे पूर्वी व्यक्तिगत संबंध होते, ते आता नाहीत. कोणाचीही तक्रार नाही. हितसंबंधांचा संघर्ष टाळण्यासाठी माझ्या कामाची तपासणी व मूल्यमापनासाठीचा अभिप्राय अन्य वरिष्ठ सहकाऱ्याकडे द्यावा. माझ्या जबाबदाऱ्या व क्लायंट बैठका आहेत तशाच ठेवाव्यात. ही माहिती निर्णयासाठी आवश्यक असलेल्या व्यक्तींपुरतीच मर्यादित ठेवावी.’ यातले चौथे वाक्य नीट वाचा. मला जे भोगावे लागले ते त्या वाक्याच्या अभावी घडले, असे माझे मत आहे. पाठवण्यापूर्वी मजकूर तुमच्या पूर्वीच्या जोडीदाराला दाखवा आणि शक्य असल्यास ईमेल दोघांच्या नावाने जाऊ द्या, म्हणजे त्याला तक्रारीचा वास येणार नाही. प्रत्यक्ष भेटीत काही ठरले, तर त्याच दिवशी ‘आज ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ते मुद्दे ईमेलने कळवा.

तपासणारा बदलेपर्यंत एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. विभक्त झालेले दोघे कामावर एकमेकांवर राग काढतील, अशी सर्वांना भीती असते. सभ्य माणसांमध्ये बहुधा उलट घडते. माझ्या कोडवर पूर्वी प्रत्येक वेळी भरपूर शेरे येत, ते नंतर जवळजवळ थांबले आणि मोठे बदलही काही मिनिटांत मंजूर होऊ लागले. दुखवायचे नाही, या संकोचातून ते होत होते. एकदा महिन्याच्या शेवटच्या तारखेला व्याज मोजणाऱ्या भागातली चूक तशीच पुढे गेली आणि ग्राहकाच्या चाचणीत सापडली. पूर्वीच्या तपासणीत ती नक्की अडली असती. तेव्हा शेरे अचानक कमी होणे, मंजुरी फार लवकर मिळणे, किंवा तुम्ही लिहिलेल्या भागाबद्दलची शंका तुम्हाला सोडून तिसऱ्यालाच विचारली जाणे, ही तिन्ही लक्षणे गंभीर समजा. असे दिसले तर महत्त्वाच्या बदलांवर दुसऱ्या तपासनीसाचे नाव तुम्ही स्वतःच जोडा. त्यासाठी बहुधा कोणाच्या परवानगीची गरज नसते.

कामाचे बोलणे टीमच्या सामायिक ग्रुपवर किंवा तिकिटावरच ठेवा, खासगी चॅटवर नको. खासगी चॅटवर रिलीजची तारीख विचारायला गेलेले संभाषण रात्री अकराला कुठे पोचते, हे सांगायला नको. सहकारी विचारतील तेव्हा दोघांनीही एकच वाक्य सांगायचे, असे आधी ठरवून घ्या. ‘आता आम्ही फक्त सहकारी आहोत’ एवढे पुरते. खापरीपर्यंत मेट्रोने आणि पुढे त्यांच्या गाडीने जात असाल, तर ती सोयही आताच थांबवा. कंपनीच्या नोंदीत आपत्कालीन संपर्क म्हणून त्यांचा क्रमांक असेल तर तो बदला. ही बाब जवळजवळ सगळेच विसरतात.

तुमच्या लिहिण्यावरून तसे काही दिसत नाही, तरीही एक सीमारेषा सांगून ठेवते. स्पष्ट नकारानंतरही कोणी संदेश पाठवत राहिले, कामाच्या निमित्ताने एकटे गाठू लागले किंवा चांगल्या शेऱ्याच्या मोबदल्यात जवळीक सुचवू लागले, तर तो ब्रेकअपनंतरचा अवघडलेपणा राहत नाही. पूर्वी संबंध होते म्हणून आजची संमती गृहीत धरता येत नाही. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. योग्य कारण असल्यास समिती आणखी 3 महिने मुदत वाढवू शकते. ही समिती मनुष्यबळ विभागाहून वेगळी असते आणि तिच्यावर बाहेरचा एक सदस्यही असतो. त्यामुळे विभागाने ‘आपसांत मिटवा’ म्हटले, तरी थेट समितीकडे जाता येते. या कायद्याखाली तक्रार स्त्रीलाच करता येते. पुरुषाला कंपनीच्या आचारसंहितेचा आधार घ्यावा लागतो.

तुम्हाला नोकरी सोडायची नाही, म्हणून बदलीविषयीही लिहिते. नागपुरात पुण्याइतक्या कंपन्या नाहीत आणि अनेकांच्या इथल्या शाखेत एका प्रकारच्या कामाची एकच टीम असते. त्यामुळे ‘दुसरी टीम’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘पुण्याची टीम’ असा निघतो आणि तो प्रस्ताव कनिष्ठापुढेच आधी ठेवला जातो. असा प्रस्ताव आला तर जागेवर होकार देऊ नका. पद, वेतन, घरून काम करण्याची मुभा आणि हाच प्रस्ताव दुसऱ्या व्यक्तीलाही दिला आहे का, हे लेखी विचारा. तपासणारा बदलण्यासाठी कोणालाही शहर सोडावे लागत नाही, हा मुद्दा त्या उत्तरात शांतपणे मांडा. अप्रेझल मार्चमध्ये आहे, म्हणजे अभिप्राय बहुधा त्याआधी काही आठवडे गोळा केले जातील. तुमच्याविषयीच्या अभिप्रायाचा अर्ज त्यांच्याकडे जाण्याच्या आत तुमचा ईमेल पोचलेला असला पाहिजे.