केदारकंठा आणि नळीची वाट: सॉफ्टशेल घ्यावं की हार्डशेल?

«जानेवारीत केदारकंठाला जातेय. एरवी नळीच्या वाटेसारखे ट्रेक करते, भरभर चालते आणि घाम प्रचंड येतो. बजेटमध्ये एकच चांगलं जॅकेट बसतंय. सॉफ्टशेल घेऊ की हार्डशेल? ट्रेक कंपनी म्हणतेय वॉटरप्रूफच हवं.»

शेवटचं वाक्य वाचलं आणि माझा पहिला केदारकंठा आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मलाही कंपनीच्या ऑफिसातून हेच सांगितलं होतं. मी दोनदा फोन करून विचारलं होतं, की मला चढावर खूप घाम येतो, थोडं हलकं, हवा खेळणारं काही चालेल का? पलीकडून एकच उत्तर, ‘यादीत आहे तसं आणा, नाहीतर वर सोडणार नाही.’ मग मी महागातलं तीन थरांचं हार्डशेल घेतलं. ते घेण्यात चूक नव्हती. चूक झाली समिटच्या रात्री, ते कॅम्पपासूनच अंगात घालून निघालो तेव्हा.

पहाटे तीनला निघालो. आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर हार्डशेल, चेन गळ्यापर्यंत लावलेली. पंचवीस मिनिटांत पाठीवरून घामाचे ओघळ जाणवायला लागले. बाहेर उणे दहाच्या आसपास, त्यामुळे जॅकेट उघडायची हिंमत होईना. दीडेक तासाने थांब्यावर चेन उघडली तर बाहीच्या आतल्या बाजूला पांढरं भुरभुरीत हिव जमलेलं, बोटाने खरवडलं की निघत होतं. घामाची वाफ बाहेर पडण्याआधीच जॅकेटच्या गार आतल्या कापडावर गोठली होती. फ्लीस पाठीला ओल्या फडक्यासारखं चिकटलेलं.

चालत होतो तोवर निभावलं. धारेवर वारा लागला, पुढे गर्दी असल्यामुळे वेग मंदावला आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. हातमोजा काढून चेन धरायचा प्रयत्न केला तर बोटं जुळेनात. मित्राच्या लक्षात आलं की मी अडखळत बोलतोय. त्याने पुढचं काही न ऐकता मला खाली वळवलं. माथा जेमतेम तीनशे फूट वर होता. त्याचा निर्णय बरोबर होता. कुडकुडणं, हातातून वस्तू निसटणं आणि बोलणं जड होणं हे तिन्ही एकत्र दिसले तर तुम्हीही कुणाला पुढे जाऊ देऊ नका.

परत आल्यावर त्या ऑफिसला सविस्तर मेल लिहिला. उत्तरात तीच यादी पुन्हा जोडून आली. याचा राग अजून आहे, कारण ‘वॉटरप्रूफ आणा’ एवढंच सांगतात. ते कधी घालायचं आणि कधी सॅकमध्ये ठेवायचं, हे कुणी सांगत नाही.

आता कारण. हार्डशेलच्या कापडातलं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, वाफ बाहेर सोडतं हे खरं, पण त्याला मर्यादा आहे. किती वाफ सुटते याचे लेबलवरचे १०,०००, २०,००० असे आकडे प्रयोगशाळेतले असतात. सॅक घेऊन जोरात चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो आणि तेवढा कुठलंच मेम्ब्रेन वेळेत बाहेर काढू शकत नाही. उणे तापमानात तर वाफ वाटेतच गोठते. काखेतल्या चेन उघडल्या तर फरक पडतो, पण सॅकच्या पट्ट्यांखाली आणि पाठीवर काहीच सुटत नाही.

सॉफ्टशेलचं गणित वेगळं आहे, पण इथे दुकानात फसगत होते. सॉफ्टशेल नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकतात. एकात कापड आणि आतल्या फ्लीसच्या मध्ये वारा पूर्ण अडवणारं मेम्ब्रेन चिकटवलेलं असतं. दुसरं नुसतं घट्ट विणलेलं, ताणलं जाणारं कापड असतं. पहिलं चढावर जवळजवळ हार्डशेलसारखंच वागतं, वर धड वॉटरप्रूफही नसतं. तुम्हाला दुसरं हवंय. ओळखायचं असं: बाहीचं कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंका. पलीकडे तळहातावर थोडीशी हवा लागली तर मेम्ब्रेन नाही. हवा अजिबात जात नसेल तर ठेवून द्या, सेल्समन काहीही म्हणो.

ही जी थोडी हवा जाते, तीच चढावर तुम्हाला कोरडं ठेवते. आणि थांबलात की तीच गारठवते. उणे दहाला ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २१ सारखं लागतं. तिथे नुसतं सॉफ्टशेल पुरत नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच वाटेने गेलो तेव्हा अंगात पातळ बेस लेअर आणि बिनमेम्ब्रेनचं सॉफ्टशेल, एवढंच. डाऊन जॅकेट आणि हार्डशेल सॅकच्या अगदी वर. कॅम्पवरून निघताना चक्क थंडी वाजत होती आणि ती वाजायलाच हवी. दहा मिनिटांत अंग तापलं. थांब्यावर थांबल्याबरोबर सॉफ्टशेलवरूनच डाऊन चढवलं, निघताना परत काढलं. धारेच्या थोडं खाली, अजून आडोसा होता तिथे, सॉफ्टशेलवर हार्डशेल घातलं. हे आडोशालाच करा, कारण वाऱ्यात फडफडणारं जॅकेट जाड हातमोज्यांनी घालणं फार अवघड जातं. माथ्यावर पोचलो तेव्हा बेस लेअर पाठीवर फक्त किंचित दमट होता.

म्हणून माझं मत: तुमचे मुख्य पैसे बिनमेम्ब्रेनच्या सॉफ्टशेलमध्ये घाला. त्यासोबत एक साधं, हलकं, स्वस्तातलं रेन जॅकेट घ्या, पण सॉफ्टशेलवरून आरामात बसेल एवढं मोठं. यादीतली वॉटरप्रूफची अटही त्यात भागते. जानेवारीत तिथे पडलाच तर बहुतेक कोरडा बर्फ पडतो, तो सॉफ्टशेलवरून झटकला जातो. ओला बर्फ किंवा पाऊस लागला तर मात्र पंधरा मिनिटांच्या आत रेन जॅकेट वर चढलंच पाहिजे. भिजलेलं जाड सॉफ्टशेल कॅम्पवर रात्रभरात वाळत नाही.

हे मी वर्षातून एकदा हिमालयात जाणारा माणूस म्हणून सांगतोय, गाईड म्हणून नाही. ज्यांना घाम कमी येतो, जे सावकाश चालतात किंवा ज्यांना मुळातच थंडी जास्त वाजते, त्यांच्यासाठी उत्तर वेगळं असू शकतं. सहा हजार मीटरच्या मोहिमांना तर हे लागूच नाही. तिथे खरं हार्डशेल हवंच.

नळीच्या वाटेबद्दल थोडं. खडकावर कोपर, खांदा घासत चढताना पातळ हार्डशेलला चटकन भोक पडतं, सॉफ्टशेल ते सोसतं. कारवीतून घुसतानाही तेच. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य वर आला की दोन्ही सॅकमध्येच जातात. पहाटे कोकणकड्यावर बसायला सॉफ्टशेल छान. पावसाळ्यात यातलं काहीच नेऊ नका. बाहेरची हवाच इतकी दमट असते की आतली वाफ जाणार कुठे? तेव्हा पटकन वाळणारा टी-शर्ट घालून भिजायचं आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे.

आणि घरी धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याने कापडावर थर बसतो आणि पाणी थेंब होऊन ओघळण्याऐवजी कापडात मुरायला लागतं. माझं पहिलं जॅकेट घरच्यांनी मायेने दोनदा तसं धुतलं होतं. जायच्या आधी नळाखाली बाही धरून बघा. पाणी पसरून कापड गडद व्हायला लागलं, तर स्वच्छ धुऊन, लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवा. तरीही थेंब धरला नाही तर वॉटर रिपेलंट स्प्रे मारा, आणि हे सगळं निघायच्या आठवडाभर आधी करा.