मागे चार आवाज असले की घरी बरं वाटते

"मॅडम, रोज संध्याकाळी घरी फोन करतो. सगळं बरं हाय म्हणतो. पण फोन ठेवला की जास्तच एकटं वाटते. खरं सांगतलं तर घरचे घाबरतीन, नाई सांगतलं तर आतल्या आत कुढत राह्यतो. काय करू?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाला बसते. पुण्याकडे किंवा हैदराबादला कामाला गेलेल्या माणसांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की उत्तर म्हणून एकाचीच गोष्ट सांगते. ओळख पटणार नाही एवढे बदल केले आहेत.

होळीला घरी आलेल्या या माणसाला डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. डोकं दुखतं, पोटात जळजळ, झोप नाही, आणि सगळे रिपोर्ट चांगले. तीन एकर कोरडवाहू वावर बायको आणि भाऊ पाहतात. तो चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत, बारा तासांच्या पाळीवर. खोलीत सहा जण, पण पाळ्या वेगळ्या, त्यामुळे जागेपणी फारशी कोणाशी गाठ नाही.

माझा ओढा नात्यांच्या अंगाने पाहण्याकडे आहे. माणूस काय विचार करतो हे मी नंतर विचारते, आधी विचारते की तो कोणाशी काय बोलू शकतो. म्हणून म्हणाले, "भाऊ, परवाचा फोन मला करून दाखवा. दोघांचंही तुम्हीच बोला."

त्यानं खरोखर हात कानाला लावला.

"जेवले काय?"
"जेवलो."
"भाजी कायची होती?"
"वांग्याची."
"तब्येत बरी हाय नं?"
"मस्त. पोरगी?"
"अभ्यास करून राह्यली."
"बरं, ठेवतो."

"खरंच वांग्याची भाजी होती?"

तो थांबला. "जेवलोच नोतो अजून." मग हळूच म्हणाला, "मी खोलीतून फोन नाई करत मॅडम. चहाच्या टपरीवर जाऊन करतो. मागे चार आवाज असले की घरी बरं वाटते. तिले वाटते, मानसं हायेत ह्याच्याजवळ."

पुढच्या भेटी फोनवर झाल्या, गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. तिथे माझ्या हातून एक चूक झाली. मी म्हणाले, घरी खरं सांगून पाहा. त्यानं एका रात्री सगळंच सांगून टाकलं. झोप येत नाही, कोणी बोलायला नाही, कधीकधी नको वाटतं. बायको रात्रभर जागी. म्हाताऱ्या आईनं सकाळी चहाला हात लावला नाही. भावानं फोन करून सांगितलं, सोड सगळं, परत ये. तो मला म्हणाला, "म्हणूनच सांगत नोतो, मॅडम."

तेव्हा मला कळलं की अडचण खरं बोलण्याची नाही, त्याच्या मापाची आहे. महिन्यांचं साठलेलं एका फोनमध्ये ओतलं की ऐकणाऱ्याला एकच सुचतं, काहीतरी करायचं. आणि इतक्या लांबून करता काहीच येत नाही, म्हणून घर हादरतं. आम्ही माप बदललं. रोज एकच गोष्ट सांगायची, त्या दिवसाची, डोळ्याला दिसेल अशी. 'मले एकटं वाटते' असं नाही. 'आज डब्यातली भाजी आंबली होती, तशीच ठेवली' असं. आणि बोलायच्या आधी समोरच्याचं काम सांगायचं: "तू काई करू नको, फक्त ऐक." हे वाक्य मी आता सगळ्यांना देते. ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं त्यानं खरंच उतरतं. दुसरी सूचना वेळेची. तो पाळी सुटताच उपाशीपोटी फोन करायचा. आता आधी जेवण, मग फोन.

तरी त्याचे फोन अर्धेच उघडत होते. खरी गाठ सुटली ती पोळ्याला.

तो चार दिवसांसाठी आला आणि बायकोला घेऊन आला. मी तिलाही तेच म्हणाले, "ताई, तुमचा रोजचा फोन मला दाखवा. तुम्ही कुठे उभ्या असता?"

"गोठ्यामागं," ती म्हणाली.

"तिथे का?"

"घरात बुढी खोकलते. ह्याईले ऐकू गेलं तर दवाखान्याचं इचारतीन, उसने पैसे काढून पाठवतीन. म्हणून मांगं जातो."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मी टपरीचं काही बोलले नव्हते. तीच पुढे म्हणाली, "आन् हे टपरीवर उभे राह्यतात. पयल्याच आठोड्यात समजलं मले. तो चहावाला रोज एकच आवाज देते, दोन कटिंग, दोन कटिंग. जोडीदार असते तर एखाद्या दिवशी कोनी ह्याईले नावानं हाक नसती मारली? पन म्हणलं, ह्याईले वाटते मले बरं वाटते, तर वाटू द्या."

बराच वेळ कोणी बोललं नाही, मीही नाही. अशा वेळी मधे न बोलणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

तो समजत होता की आपण लपवतो म्हणून ती सुखात आहे. प्रत्यक्षात ती सगळं ओळखून एकटीच ते सांभाळत होती आणि वर स्वतःचंही झाकत होती. दोघंही रोज सात-साडेसातला घर सोडून दूर जाऊन उभे राहायचे, एकमेकांना घरातलं काही कळू नये म्हणून. त्याच्या एकटेपणाचा उगम मला तिथे दिसला. अंतर त्याच्या खालोखाल. म्हणून असा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला मी आता पहिल्यांदा विचारते, फोन कुठे उभं राहून करता, आणि घरचे कुठे उभे असतात? त्यातून बरंच काही कळतं.

पण फोन सगळं भरून काढत नाही. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले: एक अगदी जवळच्या माणसाच्या अभावाचा, दुसरा आपल्या चार माणसांत नसण्याचा. पहिल्याची भर दुसऱ्यानं होत नाही, दुसऱ्याची पहिल्यानं होत नाही. बायकोशी कितीही मोकळं बोललं तरी चाकणमध्ये त्याला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतंच. त्यासाठी तिनंच वाट काढली. जाताना ज्वारीचं पाच किलो पीठ बांधून दिलं. खोलीत चंद्रपूरकडचा एक जण होता, त्याची सुट्टीही गुरुवारचीच. दोघं त्या दिवशी झुणका-भाकर करू लागले. भाकरी जाड व्हायच्या, पण टपरीची गरज कमी झाली.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. दोन आठवडे जवळपास रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक गेलेली, घरचा फोन उचलायचाही कंटाळा, किंवा फोनच्या वेळी दारू लागू लागली, तर हा निव्वळ एकटेपणा नसेल, डॉक्टरांना दाखवा. जगणं नको असं मनात आलं तर तेवढीही वाट पाहू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. त्या रात्रीच्या फोनमधलं 'कधीकधी नको वाटतं' हे मी त्याला त्याच आठवड्यात थेट विचारलं होतं: मरणाचा विचार येतो का? तो म्हणाला, नाही, घरी पळून यावंसं वाटतं. असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. म्हणाला, "काल खोलीतूनच फोन केला मॅडम. मांगं काईच आवाज नोता. तिनं इचारलं, आज एकटेच हाव काय? मी म्हणलं, हो."

"मग?"

"ती म्हणे, मंग बसा तसेच, मी भाकर टाकतो. फोन चुलीजवळ ठेवला तिनं. वीस मिन्टं चालू होता. भाकर थापाचा आवाज येत होता, अन् मंदातनी बुढीचा खोकला."