क्लायंटला कधी विचारायचं?

दादरच्या एका पुनर्विकास नोटिशीचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना मला हे वाक्य आलं होतं: ‘मेंबर्स अँड टेनंट्स विथ रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट्स’. नोंदणीकृत करार फक्त भाडेकरूंना हवा की सभासदांनाही? संदिग्धता तशीच ठेवू म्हणून ‘नोंदणीकृत करार असलेले सभासद आणि भाडेकरू’ लिहिलंस तर फसशील. मराठीत विशेषण आधी येतं, त्यामुळे अट फक्त सभासदांना, असाही मुळात नसलेला अर्थ निघतो.

आधी अख्खी नोटीस वाच, पुढच्या कलमात उत्तर बहुधा सापडतं. मला नाही सापडलं. इथे चुकल्यास कुणाचा तरी हक्क जातो, म्हणून विचारलं. मेलमध्ये दोन्ही अर्थांची मराठी वाक्यं दे: ‘अ की ब? उत्तर येईपर्यंत अ धरतोय.’ नुसतं ‘अर्थ काय?’ विचारलंस, तर तेच इंग्रजी वाक्य परत येतं! जाहिरातीतल्या अशा वाक्याला मात्र मी खुशाल अर्थ निवडतो, डिलिव्हरीच्या मेलमध्ये त्याबद्दल एक ओळ टाकतो.