गुडघे आणि साखर: दोघींचा वेबिनार एकाच प्रश्नावर बांधा

प्रश्न: मी फोंड्यात आहारतज्ज्ञ आहे. व्हॉट्सअॅपच्या यादीत २४० जण आहेत, बहुतेक मधुमेहाचे. मडगावची एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण आहे, तिच्याकडे १८० जण. दोघींनी मिळून झूमवर वेबिनार घ्यायचा आहे. मागे दुसऱ्या एका मैत्रिणीबरोबर घेतला होता. आधी अर्धा तास ती बोलली, मग अर्धा तास मी. माझं सुरू होताच तिची माणसं निघून गेली. या खेपेला काय वेगळं करू?

उत्तर:

तिची माणसं उठून गेली याचं कारण त्या मांडणीतच आहे. पहिला अर्धा तास संपला तेव्हा त्यांना हवं होतं ते मिळालेलं होतं. तुमचा विषय आपलाही आहे, हे त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून विषय दोन ठेवू नका, प्रश्न एक ठेवा, आणि तोही असा की तुम्हां दोघींपैकी एकटीला त्याचं पुरं उत्तर देता येणार नाही.

तो शोधायचा कसा? दोघींनी गेल्या महिन्याभरातले आपापल्या माणसांचे मेसेज चाळा. ज्या प्रश्नांना ‘हे फिजिओला विचारा’ किंवा ‘हे आहाराचं आहे’ असं म्हणून वाट दाखवली, तेवढेच दहा-बारा कागदावर उतरवा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. तुमच्या जोडीत बहुधा हा प्रश्न वर येईल: ‘गुडघे दुखतात म्हणून चालणं होत नाही, आणि चालणं होत नाही म्हणून साखर नि वजन खाली येत नाही.’ तुमच्या २४० जणांना हे वाक्य आपलं वाटेल आणि तिच्या १८० जणांनाही. वेबिनारचं नावही जवळपास याच शब्दांत ठेवा. ‘आरोग्य आणि जीवनशैली’ असलं नाव दिलंत तर दोन्हीकडच्या लोकांना ते दुसऱ्या कोणासाठी आहे असं वाटतं.

आता ६० मिनिटांची आखणी. एकीने सलग आठ-दहा मिनिटांहून जास्त बोलायचं नाही, आणि प्रत्येकीचा भाग दुसरीला प्रश्न टाकून संपवायचा. सुरुवात तिने करावी: दुखणाऱ्या गुडघ्याला आराम दिला की मांडीचा पुढचा स्नायू कसा अशक्त होतो, आणि मग तोच भार गुडघ्यावर कसा येतो. शेवटी तिने तुम्हांला विचारायचं, ‘वजन थोडं उतरलं तर गुडघ्याला काही फरक पडतो का?’ इथे तुमच्याकडे ठोस उत्तर आहे. एक किलो वजन घटलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. त्यावरून तुम्ही ताटाकडे या, दुपारचं शीत-हुमण न सोडता भाताचं माप कसं ठरवायचं ते दाखवा. मग तुमचा प्रश्न तिला: ‘जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाललं तर साखर कमी चढते. पण ज्यांना तेवढंही चालवत नाही त्यांनी काय करायचं?’ त्यावर तिने खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम करून दाखवावा.

अशा तीन फेऱ्या ४० मिनिटांत होतात. उरलेली २० मिनिटं श्रोत्यांच्या प्रश्नांना. प्रत्येक प्रश्नाला दोघींनी उत्तर द्यावं, दुसरीने एखादंच वाक्य जोडलं तरी चालेल. श्रोता दुसरीला ओळखू लागतो तो बहुधा इथेच.

प्रात्यक्षिकाच्या वेळी तिचा कॅमेरा बाजूने, दोन-अडीच मीटर अंतरावर असावा, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळी दिसेल असा. खुर्ची चाकांची नको, आणि पाठ भिंतीला टेकलेली हवी. बहुतेक जण मोबाइलवर बघत असतात, तेव्हा त्या वेळी तुम्ही तिला झूममध्ये `Spotlight` करा, नाहीतर लोकांना तुमचाच चेहरा दिसत राहील.

आधी एकदा दोघींनी तासभर बसून एक काम नक्की करा: तुमचे सल्ले एकमेकींना कुठे आडवे जातात ते शोधा. या जोडीत धोक्याची जागा ठरलेली आहे. ती म्हणेल, ‘सकाळी उपाशीपोटी व्यायाम करा.’ तुमच्यातले काही जण इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असतील. त्यांची साखर त्याने एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर. हे वेबिनारमध्ये समोरासमोर कळलं तर दोघींवरचा विश्वास तिथेच जातो. म्हणून एकच वाक्य ठरवून ठेवा, आणि ते दोघींनी तसंच म्हणायचं: अशी औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करायचा नाही, आणि औषधाच्या मात्रेचा प्रश्न आला तर तो आपल्या डॉक्टरांना विचारायचा. मात्रेबद्दल तुम्हीही बोलू नका, तिनेही नको.

आता नोंदणी. दोन्हीकडची माणसं खरंच भेटली का हे नंतर कळायला हवं असेल तर कोण कुणाकडून आलं याची खूण आधीच ठेवावी लागते. गूगल फॉर्म एकच करा. त्यात नाव, गाव, फोन आणि ‘ही माहिती कुणाकडून मिळाली’ असा पर्यायांचा प्रश्न. फॉर्म बनवताना तीन ठिपक्यांच्या मेनूत आधीच उत्तर भरलेला दुवा काढायची सोय आहे. तिथून दोन दुवे काढा, एक तुमच्या लोकांना पाठवायला, एक तिच्या. ते असे दिसतात. आकडे तुमच्या फॉर्मचे वेगळे असतील:

```
.../viewform?usp=pp_url&entry.1234567890=Aahar
.../viewform?usp=pp_url&entry.1234567890=Physio
```

शेवटचा शब्द तुमच्या पर्यायाशी अक्षरशः जुळला पाहिजे, नाहीतर उत्तर कोरं राहतं. पाठवण्याआधी दोन्ही दुवे स्वतः उघडून बघा.

त्याच फॉर्ममध्ये संमतीच्या दोन वेगळ्या चौकटी ठेवा: ‘आहारतज्ज्ञांकडून पुढेही मेसेज चालतील’ आणि ‘फिजिओथेरपिस्टकडून पुढेही मेसेज चालतील’. दोन्ही मोकळ्या ठेवा, आधीच टिक केलेल्या नकोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कामापुरती आणि माणसाने स्वतः दिलेली असावी लागते. तुमच्या यादीतल्या नंबरांची फाइल तिला देणं तर सोडूनच द्या. ती माणसं मधुमेही आहेत हे त्या यादीवरूनच कळतं. तुमच्या लोकांना बोलावणं तुम्हीच पाठवायचं, तिच्या लोकांना तिने.

इथे व्हॉट्सअॅपची एक मेख आहे आणि संयुक्त वेबिनारचं फळ बहुधा तिथेच वाया जातं. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. (एका यादीत २५६ पर्यंत नंबर बसतात, तेव्हा तुमचे २४० एका यादीत मावतात.) तिची माणसं वेबिनारला आली, त्यांनी तुमच्या चौकटीत टिक केली, तुम्ही त्यांना यादीत घातलं, तरी तुमचा नंबर त्यांच्याकडे नसल्याने एकही मेसेज जाणार नाही. आणि तो गेला नाही हे तुम्हांला कुणी सांगणारही नाही.

यावर उपाय म्हणजे पहिला मेसेज त्यांच्याकडून यायला लावणं. दोघींनी एकेक पानाचा कागद तयार करा: तुमचा ‘ताटातलं भाताचं माप’, तिचा ‘खुर्चीवरचे चार व्यायाम’. वेबिनारच्या सुमारे ४० व्या मिनिटाला, प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आधी, चॅटमध्ये दोन दुवे टाका:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Taat
https://wa.me/91YYYYYYYYYY?text=Khurchi
```

ज्याने दाबलं त्याच्या व्हॉट्सअॅपमध्ये तुमच्या नंबराला तयार मेसेज उघडतो, त्याने फक्त पाठवायचं. उत्तरात कागद पाठवा आणि ‘हा नंबर सेव्ह करा’ अशी एक ओळ लिहा. शेवटच्या मिनिटाला हे करू नका, तोवर बरेच जण उठलेले असतात. तुमच्या कागदाबद्दल तिने सांगावं आणि तिच्याबद्दल तुम्ही. आपल्या ओळखीच्या माणसाने ‘हे घ्या’ म्हटलं की लोक घेतात.

झूमचं मोफत खातं ४० मिनिटांना बंद होतं, म्हणजे नेमकं हे दुवे टाकायच्या वेळी. एकीने महिन्यापुरतं सशुल्क खातं घ्यावं, खर्च अर्धा-अर्धा. साध्या सशुल्क खात्यातही १०० जणच मावतात. फुकट वेबिनारला नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी येतात असं धरा. तेव्हा नोंदणी दोनशेच्या आत असेल तर पुरतं.

खातं तुमचं असेल तर मीटिंग सुरू करून तिला `Co-host` करा. को-होस्टला मीटिंग स्वतःहून सुरू करता येत नाही, म्हणून सहा आकडी `Host Key` तिच्याकडे आधीच असू दे आणि होस्टच्या आधी आत येण्याची मुभा चालू ठेवा. जून-जुलैत फोंड्यात वीज गेली तर ती मडगावातून `Claim Host` करून पुढे नेऊ शकते. दोघी एका खोलीत बसू नका, हे त्याचसाठी. रेकॉर्डिंगही दोघींनी आपापल्या संगणकावर करा. झूम ती फाइल मीटिंग संपल्यावर तयार करतं. मध्येच संगणक बंद पडला तर ती बिघडू शकते.

चॅट फक्त होस्ट आणि को-होस्टना दिसेल असं ठेवा. लोक भाबडेपणाने आपली साखर, आपली औषधं सगळ्यांसमोर लिहितात. प्रश्न वाचताना नाव घेऊ नका.

वेळ शनिवारी साडेचारची बरी. दुपारची झोप आटोपलेली असते आणि तिन्हीसांजेच्या आत संपतं. चवथीच्या आधीचा पंधरवडा टाळा, माटोळी आणि फराळाच्या गडबडीत कोणी बसणार नाही. श्रावणात घ्याल तर ताटाचा भाग बदला, तेव्हा पुष्कळ घरांत मासे बंद असतात आणि साबुदाणा सुरू असतो.

नंतर १४ दिवसांनी दोनच आकडे मोजा: ‘फिजिओ’ खुणेच्या किती जणांनी तुम्हांला मेसेज केला, आणि ‘आहार’ खुणेच्या किती जणांनी तिला. समजा ३० आणि ६ असे निघाले, तर चूक तिची नाही. तुमच्या लोकांना तिचा कागद कितपत गरजेचा वाटला ते बघा. ‘व्यायाम’ हा शब्द बऱ्याच मधुमेहींना नको असतो. ‘उठता-बसता गुडघा धरतो त्यांच्यासाठी’ असं म्हणून तोच कागद तुम्ही स्वतः तुमच्या यादीला एकदा पाठवा आणि पुन्हा मोजा. एकमेकींकडे माणूस पाठवण्याचं कमिशन मात्र ठरवू नका. एकदा पैसे आले की ‘हिच्याकडे जा’ या वाक्यात काय तोललं जातंय हे रुग्णाला कळेनासं होतं, आणि तुम्हांलाही.