३०७ ची केस, गावात समझोता आणि औरंगाबाद खंडपीठ

प्रश्न: बांधावरून चुलतभावांत मारामारी झाली, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ कलम लागलं. आता समझोता झालाय, फिर्यादीही तयार आहे. हायकोर्टातून केस रद्द होईल का?

होऊ शकते, पण स्टॅम्प पेपरवर लिहिलेल्या समझोत्याच्या जोरावर नाही. ३०७ तडजोडीस पात्र नाही, त्यामुळे सेशन कोर्ट ती मिटवू शकत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकांना त्यासाठी औरंगाबाद खंडपीठातच अर्ज करावा लागतो. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ खाली होत असे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली होतो.

सुप्रीम कोर्टाने नरिंदर सिंग (२०१४) आणि लक्ष्मी नारायण (२०१९) या निकालांत सांगितलं की फिर्यादीत ३०७ लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. घाव कुठे बसला, कशाने घातला, डॉक्टर काय म्हणतात, हे पाहा. हा विचार तपास पूर्ण होऊन चार्जशीट आल्यावरच होतो. म्हणून घाईने आधी केलेला अर्ज बहुधा वाया जातो.

चोपडा तालुक्यातली एक केस मी चालवली. केळीला पाणी देण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि पुतण्याच्या डोक्यात कुदळीचा दांडा बसला. डोक्यावरचा मार म्हणून पोलिसांनी ३०७ लावलं. पण सर्टिफिकेटमध्ये तीन टाके, हाड शाबूत, 'साधी दुखापत' असं होतं. जप्त झालं ते लाकूड होतं, पातं नव्हतं. आरोपीवर आधीची एकही केस नव्हती आणि सेशनला चार्जही ठेवला गेला नव्हता. केस रद्द झाली, पण एक तारीख वाया गेली. फिर्याद बापाने दिली होती, म्हणून मी फक्त त्याचंच शपथपत्र जोडलं. कोर्टाने विचारलं, 'ज्याला लागलं तो कुठे आहे?' चूक माझीच होती. पुढच्या तारखेला मुलगा स्वतः उभा राहिला, 'दबाव नाही' म्हणाला, तेव्हा काम झालं.

दुसऱ्या एका केसमध्ये कोयत्याने कवटी फुटली होती, डॉक्टरची साक्ष होऊन खटला संपत आला होता. कोर्टाचा कल पाहून अर्ज मागे घ्यावा लागला. साक्षी जवळजवळ पूर्ण झाल्या असतील तर हायकोर्ट सहसा हात घालत नाही, निकाल सेशन कोर्टालाच देऊ देतं.

खून, बलात्कार, दरोडा यांत समझोता चालत नाही, कारण ते गुन्हे समाजाविरुद्ध धरले जातात. पोक्सोच्या एका केसमध्ये मुलीच्या वडिलांनी तडजोड केली म्हणून राजस्थान हायकोर्टाने रद्द केलेली केस सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये पुन्हा उभी केली.

गावात कुणी 'कशाला औरंगाबादला जाता, साक्ष फिरवू' म्हणेल. ते करू नका, खोटी साक्ष हा वेगळा गुन्हा आहे. तुमचीही समोरच्यांवर क्रॉस केस असेल तर तिचाही अर्ज सोबतच करा, नाहीतर एक मिटते आणि दुसरी चालूच राहते. वकिलाकडे जाताना चार्जशीटसोबत जखमेचं सर्टिफिकेट आधी काढा, मी पहिल्यांदा तेच वाचतो.