सीएफएला रजिस्टर केलंस ना, मग पेपरनंतर ग्रुपवर जरा जपून

चार्टर मिळाल्यावरच नियम लागू होतात असं बरेच नवीन लोक समजतात, पण सीएफए इन्स्टिट्यूटचा कोड कँडिडेटलाही तेवढाच लागू असतो. सुरुवातीला स्टँडर्ड सात-ए, म्हणजे सीएफएच्या परीक्षेबाबत कसं वागायचं याचा नियम, तेवढं नीट वाच, बाकीचं अभ्यासात येतंच.

समजा पेपर देऊन बाहेर आलास आणि ग्रुपवर टाकलंस, "डेरिव्हेटिव्हजवर काहीच नव्हतं यार". प्रश्न फोडला नाहीस, तरी हे उल्लंघनच, कारण कुठला टॉपिक आला किंवा नाही आला हेसुद्धा गोपनीय धरतात. पेपर अवघड गेला, अभ्यासक्रम आवडला नाही, हे बिनधास्त लिही.

चौकशी लागली तर तुझं म्हणणं लेखी मागतात, आणि इथेच लोक माती खातात, म्हणजे एकतर गप्प बसतात नाहीतर पोस्ट डिलीट करून "मी नव्हेच" म्हणतात. सहकार्य न करणं हे वेगळं प्रकरण होऊन बसतं. खरं काय ते वेळेत लिहून दे. कँडिडेटला प्रोग्रॅममधून सस्पेंड करू शकतात, चार्टरहोल्डरचं प्रकरण गंभीर असेल तर चार्टरच काढून घेतात. सुचवलेली शिक्षा मान्य नसेल तर हिअरिंग पॅनेलपुढे जाता येतं, पण ते तेव्हाचं तेव्हा बघू.